तेरा बाइट आणि चाळीस एमबी

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एका गावातल्या वाचनालयाची संगणकीय नोंदवही मी काही काळ सांभाळत होतो. ही वही म्हणजे एसक्यूलाइट या पद्धतीची एकच फाईल होती, आणि पुस्तकांची मुखपृष्ठे आत साठवल्यामुळे तिचा आकार एक जीबीपर्यंत गेला होता. एखाद्या सभासदाने घर बदलले की त्याच्या पत्त्याची एक ओळ बदलायची आणि वही दूरच्या सर्व्हरवर चढवायची. अपलोडचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट होता, त्यामुळे एका ओळीपायी चौदा मिनिटांहून अधिक काळ संपूर्ण फाईल वर जात राहायची. हे का घडते, हा आजचा पहिला प्रश्न आहे.

त्याचे एक कारण सर्व्हरवरच्या साठवणुकीत आहे. ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट साठवणुकीत एकदा ठेवलेली वस्तू मधूनच खरवडून दुरुस्त करता येत नाही. त्याच नावाने नवी वस्तू ठेवली की जुनीची जागा ती पूर्णपणे घेते. साधी अपलोड करणारी व्यवस्था हेच करते: फाईल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत पाठवते. दुसरे कारण आपल्या बाजूला आहे. फाईल बदलली आहे का, हे ताडण्यासाठी सिंक करणारे प्रोग्रॅम प्रथम तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतात. या दोन गोष्टींवरून ‘बदल झाला’ एवढेच कळते. ‘कुठे झाला’ हे त्यांत कुठेच लिहिलेले नसते. शिवाय पुष्कळ प्रोग्रॅम जतन करताना जुन्या फाईलमध्ये दुरुस्ती करत नाहीत. ते शेजारी संपूर्ण नवी फाईल लिहितात आणि मग तिला जुनीचे नाव देतात. तेव्हा नेमका फरक कुठे आहे, हे कुणीतरी मुद्दाम शोधावे लागते.

शोधण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे फाईलचे ठराविक मापाचे तुकडे पाडणे. ड्रॉपबॉक्स ही सेवा चार एमबीचे, म्हणजे 41,94,304 बाइटांचे ब्लॉक पाडते आणि प्रत्येक ब्लॉकचा एसएचए-256 या पद्धतीने हॅश काढते. हॅश म्हणजे त्या तुकड्याच्या मजकुरावरून काढलेली 32 बाइटांची खूण. मजकुरातला एक बिट जरी बदलला तरी ती ओळखू येणार नाही इतकी बदलते. आपला संगणक या खुणांची यादी तयार करतो, ती आधीच्या यादीशी ताडून पाहतो आणि ज्या खुणा नव्या आहेत तेवढेच ब्लॉक वर पाठवतो.

आमच्या वहीला हा हिशेब लावून पाहू. एक जीबी म्हणजे 256 ब्लॉक. एसक्यूलाइट आपली फाईल पानांत विभागते; एक पान सहसा 4,096 बाइटांचे असते. सभासदाचा नवा पत्ता त्याच पानात मावला, तर ते पान जागच्या जागी पुन्हा लिहिले जाते आणि आजूबाजूची पाने तसूभरही हलत नाहीत. मात्र आणखी एक पान बदलते, ते म्हणजे अगदी पहिले. फाईलच्या मथळ्यात बदलांची मोजदाद करणारा एक चार बाइटांचा आकडा असतो आणि नेहमीच्या जर्नल पद्धतीत प्रत्येक व्यवहारानंतर तो वाढतो. म्हणजे बदललेली पाने दोन, ती ज्यांत पडतात असे ब्लॉकही फार तर दोन, आणि पाठवायचे आठ एमबी. चौदा मिनिटांचे काम सात सेकंदांवर आले. (पत्त्यावर इंडेक्स असता तर त्याची पानेही यात धरावी लागली असती, आमच्याकडे तो नव्हता.)

इथवर सारे सुरळीत आहे. पण वहीत बदल जागच्या जागी झाला म्हणूनच ही पद्धत इतकी चोख चालली. आता दुसरी फाईल घेऊ. त्याच वाचनालयाची ग्रंथसूची आम्ही साध्या मजकुराच्या स्वरूपातही काढून ठेवत असू. हिशेब सोपा व्हावा म्हणून ती नेमकी चाळीस एमबीची, म्हणजे बरोबर दहा ब्लॉकांची होती असे धरू. ग्रंथपालांनी ती उघडली आणि अगदी सुरुवातीला ‘श्री’ लिहून एक जागा सोडली. युनिकोडमध्ये ‘श्री’ची चार चिन्हे होतात: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे बारा बाइट, आणि मोकळ्या जागेचा एक. फाईल तेरा बाइटांनी वाढली.

सिंकच्या दृष्टीने मात्र उत्पात झाला. पहिल्या ब्लॉकचे शेवटचे तेरा बाइट दुसऱ्यात ढकलले गेले, दुसऱ्याचे तिसऱ्यात, आणि ही ढकलाढकली शेवटापर्यंत गेली. नाट्यगृहात रांगेच्या सुरुवातीला एक पाहुणा घुसला की साऱ्यांना एकेक खुर्ची सरकावे लागते, माणसे तीच असली तरी खुर्चीचे क्रमांक बदलतात, तसाच हा प्रकार आहे. दहाही ब्लॉकांचे हॅश नवे झाले आणि शेवटी तेरा बाइटांचा एक अकरावा ब्लॉकही निर्माण झाला. ठराविक मापाचे ब्लॉक पाडूनही सगळी फाईल पुन्हा वर गेली. माझ्या मते या विषयातली खरी अडचण हीच आहे. बदल ओळखणे सोपे असते; न बदललेला मजकूर सरकल्यावरही तो तोच आहे हे ओळखणे अवघड असते.

या अडचणीचे सुंदर उत्तर अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत 1996 साली मांडले. त्याचे नाव rsync. यात ब्लॉक पाडतो तो जुनी फाईल ज्याच्याकडे आहे तो, म्हणजे आपल्या उदाहरणात सर्व्हर. तो प्रत्येक ब्लॉकच्या दोन खुणा काढून पाठवतो, एक स्वस्त आणि एक भक्कम. नवी फाईल असलेली आपली बाजू मात्र ठरलेल्या सीमांवर थांबत नाही. ब्लॉकच्या मापाची एक खिडकी ती नव्या फाईलवर एकेक बाइट पुढे सरकवत नेते आणि प्रत्येक ठिकाणी विचारते, ‘या खिडकीतला मजकूर जुन्या फाईलच्या एखाद्या ब्लॉकशी जुळतो का?’

चाळीस एमबीच्या फाईलमध्ये अशी सुमारे सव्वाचार कोटी ठिकाणे येतात. एवढ्या फाईलसाठी rsync ब्लॉक घेते तो सुमारे साडेसहा हजार बाइटांचा. प्रत्येक ठिकाणी तेवढ्या बाइटांचा हॅश पहिल्यापासून काढायचा म्हटले तर संगणक दमेल. म्हणून ती स्वस्त खूण अशी निवडली आहे की खिडकी एक घर सरकली तरी ती नव्याने मोजावी लागत नाही. चार आकड्यांची खिडकी घेऊ: 3, 7, 2, 5. साधी बेरीज 17. दुसरी बेरीज वजन लावून करायची: पहिल्या आकड्याला चौपट, दुसऱ्याला तिप्पट, तिसऱ्याला दुप्पट, चौथ्याला एकपट. ती येते 42. आता खिडकी सरकली, 3 बाहेर गेला आणि 6 आत आला. नवी साधी बेरीज 17 मधून 3 वजा करून 6 मिळवले की 20. नवी वजनदार बेरीज 42 मधून 3 ची चौपट, म्हणजे 12 वजा करून त्यात नवी साधी बेरीज 20 मिळवली की 50. कागदावर 7, 2, 5, 6 घेऊन पडताळा पाहा, पन्नासच येतील. खिडकी चार आकड्यांची असो वा साडेसहा हजार बाइटांची, प्रत्येक पावलाला एवढीच थोडकी आकडेमोड लागते. ही खूण जुळली तरच भक्कम हॅश काढून खात्री केली जाते, कारण स्वस्त खूण योगायोगानेही जुळू शकते.

आपल्या ‘श्री’चे आता काय होते? खिडकी तेरा पावले न जुळता पुढे जाते. चौदाव्या बाइटवर जुना पहिला ब्लॉक जसाच्या तसा सापडतो, त्याला लागून दुसरा, आणि मग अखेरपर्यंत सगळे. आपली बाजू तेरा बाइट पाठवते आणि उरलेल्यासाठी ‘तुझा पहिला ब्लॉक घे, दुसरा घे’ अशा सूचना देते. सर्व्हर त्यांवरून नवी फाईल शेजारी जुळवतो आणि शेवटी जुनीच्या जागी ठेवतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर:

```
rsync -av --stats suchi.csv server:/backup/

Literal data: 13 bytes
Matched data: 41,943,040 bytes
```

पहिला आकडा प्रत्यक्ष पाठवलेल्या मजकुराचा, दुसरा सर्व्हरकडेच सापडलेल्या मजकुराचा. पहिला आकडा फाईलच्या आकाराइतका येऊ लागला, तर काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

अर्थात खुणांची यादीही तारेवरून जातेच. rsync साधारणपणे फाईलच्या आकाराच्या वर्गमुळाइतका ब्लॉक घेते. चाळीस एमबीसाठी सुमारे साडेसहा हजार बाइटांचा, आणि ब्लॉकही तितकेच. एका ब्लॉकच्या खुणांना जास्तीत जास्त वीस बाइट धरले तरी यादी सव्वाशे-दीडशे केबीत आटोपते. ब्लॉक लहान केले तर यादी फुगते, मोठे केले तर छोट्या बदलापायी जास्त मजकूर जातो. वर्गमूळ हा त्यांतला मध्यममार्ग.

एक पाठभेद सांगून पुढे जातो. 2001 साली मांडलेल्या एलबीएफएस या फाईल प्रणालीने सीमा मजकुरावरूनच ठरवल्या. 48 बाइटांची खिडकी सरकवायची आणि तिच्या खुणेचे शेवटचे तेरा बिट एका ठराविक किमतीचे आले की तिथे तुकडा तोडायचा. सुरुवातीला काही घुसले तरी पुढच्या सीमा मजकुराबरोबरच सरकतात. restic आणि Borg ही बॅकअपची साधने याच जातीची पद्धत वापरतात.

या साऱ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे कॉम्प्रेशन, आणि ती चूक मी स्वतः केली होती. जागा वाचावी म्हणून मी सूची gzip करून ठेवू लागलो. फाईल लहान झाली, पण रोजचा अपलोड वाढला. gzip वापरते त्या डिफ्लेट पद्धतीत पुढचा मजकूर मागच्या 32 केबीतल्या पुनरावृत्तींच्या आधाराने लिहिला जातो आणि संकेत बाइटांच्या नव्हे, तर बिटांच्या मापाने एकामागे एक लागतात. वर एक शब्द बदलला की खालचे सारे बिट तीन-चार घरे सरकतात, आणि बाइटाबाइटाने पुढे जाणाऱ्या खिडकीला ओळखीचे काहीच दिसत नाही. बदल मध्यावर असेल तर आधीचा भाग वाचतो, नंतरचा नाही. त्यासाठी gzip ला `--rsyncable` हा पर्याय आहे. त्यामुळे मजकुरावरून ठरणाऱ्या ठिकाणी कॉम्प्रेशन अधूनमधून नव्याने सुरू होते. फाईल किंचित मोठी होते, पण बदलाचा परिणाम पुढच्या थांब्यापर्यंतच राहतो.

उलट वहीच्या फाईलबाबत आमचा गोंधळ वेगळा होता. महिन्यातून एकदा कुणीतरी `VACUUM` ही आज्ञा चालवी. ती रिकामी पाने काढून सगळा डेटाबेस नव्याने लिहिते, त्यामुळे पाने जागा बदलतात आणि चार एमबीचे जवळजवळ सगळे ब्लॉक नवे ठरतात. त्या रात्री चौदा मिनिटे लागायची, आणि ती लागणारच होती. त्याहून धोक्याचे होते ते वही उघडी असताना तिची प्रत घेणे: काही पाने व्यवहाराच्या आधीची आणि काही नंतरची अशी वर जाऊ शकत होती. म्हणून आम्ही आधी एसक्यूलाइटच्या `.backup` आज्ञेने शेजारी एक स्थिर प्रत काढू लागलो, आणि सर्व्हरकडे rsync ने पाठवायची ती प्रत, चालू वही नव्हे.