गाडी विकली, आता कर किती?

मंडळी, रिटर्न भरायचे दिवस आले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "गाडी विकली, साडेतीन लाख खात्यात जमा झाले. भांडवली नफ्याचा कर किती भरायचा?" विचारणारा बहुतेक वेळा धास्तावलेला असतो. शेअर विकले की कर, फ्लॅट विकला की कर, मग गाडी कशी सुटेल, असं त्याला वाटत असतं.

गाडी सुटते. पण का सुटते, याचं उत्तर लोक चुकीचं देतात. "आठ लाखांची गाडी साडेतीनला गेली, नफाच झाला नाही, मग कर कसला?" असं म्हणतात. नफा-तोट्याचा प्रश्न इथे मुळात निघतच नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भांडवली नफ्याचा कर लागतो तो 'भांडवली मालमत्ता' विकल्यावर. 1961च्या आयकर कायद्यात, कलम 2(14) मध्ये, या शब्दाची व्याख्या आहे. ती फार व्यापक आहे, तुमच्या मालकीचं जवळजवळ सगळंच तिच्यात येतं. पण तिथेच काही गोष्टी वगळल्या आहेत. त्यातली एक म्हणजे वैयक्तिक वापराच्या वस्तू, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्यावर अवलंबून असलेली घरची माणसं स्वतः वापरतात अशी जंगम मालमत्ता. कपडे आणि फर्निचर यांचा तर कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे. तुमची गाडी, सोफा, दिवाण, फ्रीज या गोष्टी कायद्याच्या नजरेत भांडवली मालमत्ताच नाहीत. 1 एप्रिल 2026 ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या 2025च्या नव्या कायद्यातही ही सूट कायम ठेवली आहे, कलमांचे क्रमांक तेवढे बदलले.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लोकांना आवडत नाही. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांनी त्याच वर्षी शेअर विकून दोन लाख नफा कमावला होता. ते म्हणाले, "गाडीत साडेचार लाखांचं नुकसान झालं, ते यातून वजा करा ना." करता येत नाही. जी वस्तू हिशोबातच नाही, तिचा तोटाही हिशोबात येत नाही. मला हे योग्य वाटतं. गाडी आणि फर्निचर वापराने झिजतात, त्यांची किंमत उतरते ती आपण ती वस्तू उपभोगली म्हणून. प्रत्येक घरातल्या जुन्या कपाटाचा तोटा वजा करू दिला असता, तर सरकारची आणि आपलीही वर्षं पावत्या शोधण्यात गेली असती.

आता प्रश्न येतो तो 'वैयक्तिक वापर' म्हणजे काय, याचा. वस्तू वापरण्याजोगी आहे एवढं पुरत नाही, ती वापरात असावी लागते. यावर मुंबई उच्च न्यायालयाचा 2025 मधला एक निकाल वाचण्यासारखा आहे. एका गृहस्थांनी 1931 सालची एक फोर्ड गाडी 1983 मध्ये वीस हजारांना घेतली आणि पुढे एकवीस लाखांना विकली. त्यांचं म्हणणं, कार ही वैयक्तिक वस्तू, म्हणून कर नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. गाडी चालू शकते म्हणून ती वैयक्तिक वापराची ठरत नाही, ती तशी वापरली याचा पुरावा हवा. इथे रोजच्या जाण्यायेण्याला कंपनीची गाडी होती, ही गाडी घरी उभी नसायची आणि देखभालीचा खर्चही दाखवता आला नाही. कर लागला.

त्याआधी 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी संस्थानिकाच्या खटल्यात हेच सूत्र घालून दिलं होतं. सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या विटा लक्ष्मीपूजनाला मांडल्या जातात, म्हणून त्या वैयक्तिक वस्तू, असा दावा होता. न्यायालय म्हणालं, वस्तूचा माणसाच्या रोजच्या वापराशी जवळचा संबंध हवा. वर्षातून एकदा पूजेला ठेवल्याने विटेचं स्वरूप बदलत नाही.

दागिन्यांना मात्र, रोज वापरले तरी, ही सूट नाही. 1973 पासून ते कायद्याने स्पष्टपणे बाहेर काढले. अंगावर रोज असलेलं मंगळसूत्रसुद्धा विकलं तर हिशोब करावा लागतो. 2008 पासून चित्रं, शिल्पं, पुराणवस्तूंचे संग्रह आणि कुठलीही कलाकृती त्याच यादीत आली. दिवाणखान्यातला सोफा सुटतो, त्याच्यावरच्या भिंतीवरचं मूळ तैलचित्र सुटत नाही.

आता सगळ्यात जास्त चूक कुठे होते ते सांगतो. गाडी तुमच्या व्यवसायाच्या ताळेबंदात असेल तर वरचं काहीच लागू नाही. समजा, एका वास्तुविशारद बाईंनी दहा लाखांची गाडी धंद्याच्या नावावर घेतली आणि दरवर्षी 15 टक्के घसारा खर्चात धरला. चार वर्षांनी पुस्तकातली किंमत उरली साधारण 5 लाख 22 हजार. पाचव्या वर्षी गाडी सहा लाखांना गेली. त्यांच्या मते चार लाखांचं नुकसान झालं. कायद्याच्या मते, घसाऱ्याच्या त्याच दराच्या गटात धंद्याची दुसरी काही मालमत्ता नसेल, तर साधारण 78 हजारांचा अल्पकालीन भांडवली नफा झाला. चार वर्षं ज्या घसाऱ्याने त्यांचा कर वाचला, त्यातला काही भाग इथे परत आला. त्यांच्या शेजाऱ्यांनी तेवढ्याच किमतीची खाजगी गाडी तेवढ्यालाच विकली आणि एक रुपयाही भरला नाही. दोघांच्या गाड्या एकाच पार्किंगमध्ये उभ्या असायच्या, फरक होता तो फक्त वहीतल्या नोंदीचा.

फर्निचरचंही तसंच. भाड्याने दिलेल्या फ्लॅटमधले पलंग भाडेकरू वापरतो, तुम्ही नाही, तेव्हा तिथे ही सूट गृहीत धरू नका. आणि फ्लॅट विकताना करार दोन करायचे, घराची किंमत कमी दाखवून फर्निचरची फुगवायची, हा प्रकार मी कळकळीने सांगतो, करू नका. वीस लाखांचं फर्निचर म्हटलं की अधिकारी पहिल्यांदा बिलं मागतो, आणि भिंतीत बसवलेली कपाटं जंगम कशी, हेही विचारतो.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट. कर नाही म्हणून लोक बिनधास्त रोख घेतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. म्हणजे साडेतीन लाख रोख घेतले, तर दंडही साडेतीन लाख. तेव्हा पैसे बँकेतूनच घ्या. आरसी बुकाची प्रत, सही केलेले फॉर्म 29 आणि 30, विक्रीचा साधा करार आणि स्वतःच्या नावावरच्या खाजगी वाहन विम्याच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी एका फाइलमध्ये लावून ठेवा. उद्या खात्यातल्या साडेतीन लाखांबद्दल विचारणा झाली, तर गाडी तुमची होती आणि घरच्याच वापराची होती, हे तीच फाइल सांगेल.