२४ पट्ट्या आणि ६ कार्डं

[दृश्य: टेबलावर वाळत ठेवलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या]

ही तयारी आदल्या दिवशीची. उद्या सातवीच्या वर्गावर दोन तास सलग आहेत, विषय आहे माणसांचे वंश पाडता येतात का, आणि बाई बसल्यात कागद रंगवत. पांढऱ्या रंगात तपकिरीचे दोन थेंब टाकायचे, नीट घोटायचं, एक लांब पट्टी रंगवायची, परत दोन थेंब, परत एक पट्टी, असं २४ होईपर्यंत. शेवटी शेवटी रंग इतका गडद होतो की दोन थेंबांनी काही कळतच नाही, मग थेंब वाढवावे लागतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला फरक जेमतेम दिसला पाहिजे, एवढंच बघायचं. वाळल्यावर प्रत्येक पट्टीचे सहा तुकडे, मागे पेन्सिलीने नंबर, म्हणजे सहा गटांना एकेक सेट झाला.

कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, पोरांचेच हात आहेत की. नको. बारा वर्षांच्या पोरांना रंगाप्रमाणे रांगेत उभं केलं की पहिल्या मिनिटाला कुणीतरी फिदीफिदी हसतं आणि रांगेच्या टोकाचं पोर पुढचं काही ऐकत नाही. कागदाला वाईट वाटत नाही.

[दृश्य: मुलं जमिनीवर पट्ट्या लावतायत]

सूचना एकच आहे, या पट्ट्यांचे रंगाप्रमाणे गट पाडा. किती गट ते सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी. आधी सगळे पट्ट्या क्रमाने लावतात, ते पटकन जमतं, भांडण सुरू होतं ते रेघ कुठे मारायची यावरून. एक गट तीन ढीग करतो, एक चार, एकाचे सहा होतात, आणि ज्या दोघांचे चार-चार झालेत त्यांच्याही रेघा वेगळ्याच जागी असतात.

आता बाई तीन ढीगवाल्यांकडे जातात. त्यांचा पहिला ढीग १ ते ८, दुसरा ९ ते १६. बाई म्हणतात, आठ आणि नऊ उचला, शेजारी धरा. फरक दिसतोय का? अगदी डोळे बारीक केले तर. आता एक आणि आठ धरा. तो फरक लांबूनही दिसतो. मग एकमेकांसारखे असलेले आठ आणि नऊ वेगळ्या ढिगात, आणि इतके वेगळे असलेले एक आणि आठ एकाच ढिगात, हे कसं काय? एक मुलगी लगेच म्हणते, बाई मग आम्ही रेघ सरकवतो. सरकव की. ती १० वर नेते, आणि तोच प्रॉब्लेम १० आणि ११ मध्ये जाऊन बसतो.

हा घोळ फक्त सातवीचा नाही बरं का. १८७१ साली डार्विनने तोवरच्या विद्वानांनी माणसांचे किती वंश मोजले ते एका ठिकाणी मांडलं होतं, कुणी दोन, कुणी तीन, कांटने चार, ब्लूमेनबाखने पाच, असं करत करत एकाने चक्क ६३. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की पोरं खूश होतात, कारण त्यांचेही तीन, चार, सहा शेजारीच लिहिलेले असतात.

मग एक छोटी गोष्ट, जी बरेच शिक्षक विसरतात. बाई सगळ्या पट्ट्या उचलतात आणि फक्त १, १२ आणि २४ परत ठेवतात. आता पाडा गट. दोन सेकंदांत तीन गट, कुणाचंही भांडण नाही. गट दिसले कारण मधल्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. जहाजातून थेट लांबच्या बंदरात उतरणाऱ्या माणसाला असंच दिसायचं, मधले सगळे लोक त्याच्या वाटेत आलेच नाहीत. पायी चाललेल्याला रेघ सापडली नसती.

[दृश्य: सहा कार्डं, क्लोजअप]

दुसरा तास कार्डांचा. इथे एक हुशार पोरगा आधीच म्हणालेला असतो की रंग एकटा नको, चार-पाच गोष्टी मिळून गट होतील. चांगला प्रश्न आहे, आणि कार्डं त्याच्यासाठीच आहेत. सहा कार्डं: स्वीडन, ग्रीस, जपान, नायजेरियातले योरुबा, पश्चिम आफ्रिकेतले गुरं पाळणारे फुलानी, आणि पॅसिफिकमधली सॉलोमन बेटं. प्रत्येकावर त्या लोकांमध्ये साधारण काय आढळतं ते लिहिलंय.

आधी त्वचेचा रंग. स्वीडन, ग्रीस, जपान एकीकडे, योरुबा, फुलानी, सॉलोमन दुसरीकडे. सोपं.

आता मोठेपणी दूध पचतं का. स्वीडन आणि फुलानी एका बाजूला येतात, जपान, योरुबा आणि सॉलोमन दुसऱ्या बाजूला, आणि ग्रीसचं कार्ड हातातच राहतं, कारण तिथे काहींना पचतं, काहींना नाही. ते मुद्दाम ठेवलंय, काढून टाकू नका.

आता सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं जनुक. योरुबा, फुलानी आणि ग्रीसचे काही भाग एकत्र, स्वीडन, जपान, सॉलोमन एकत्र. या जनुकाची एकच प्रत असेल तर मलेरियापासून बराच बचाव होतो, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता अशा अनेक ठिकाणी ते टिकलं, मग तिथल्या माणसांचा रंग कुठला का असेना.

आणि शेवटी सोनेरी केस. स्वीडन, आणि शेजारी सॉलोमन. इथे वर्गात हमखास ओरडा होतो, खोटं आहे म्हणून. फोटो दाखवा. गडद त्वचा आणि पिवळेधमक केस असलेली मुलं त्या बेटांवर खरंच आहेत, आणि ते युरोपातून आलेलं नाही, तिथल्या केसांमागे जनुकातला वेगळाच बदल आहे.

चार वेळा मांडलं, चारही वेळा वेगळे गट. कारण प्रत्येक गोष्टीमागचं कारण वेगळं आहे, रंगामागे ऊन, दुधामागे गुरं पाळणं, सिकल सेलमागे मलेरिया, आणि ही कारणं पृथ्वीवर एकाच रेघेवर थांबत नाहीत. सॉलोमन आणि योरुबांचा रंग सारखा दिसतो, पण जनुकांच्या नात्याने सॉलोमनचे लोक आशियातल्या लोकांना जास्त जवळचे.

[दृश्य: हात वर केलेला मुलगा]

मग डीएनए टेस्ट कशी सांगते पूर्वज कुठले ते? हा प्रश्न येतोच, आणि तो टाळला तर सगळी मेहनत वाया. खरं उत्तर असं, की हजारो बारीक खुणा एकत्र बघितल्या तर पूर्वज कुठल्या भागातले असावेत याचा अंदाज येतो, जसजसं अंतर वाढतं तसतसा फरक हळूहळू वाढत जातो म्हणून. पण कॉम्प्युटरला तीन गट पाड म्हटलं तर तो तीन पाडतो, सात म्हटलं तर सात. पट्ट्यांचीच गोष्ट. आणि हेही लगेच सांगायचं की रेघ माणसांनी मारलेली असली तरी तिच्यावरून कुणाला नोकरी, घर, शाळा नाकारली गेली ते खरंच घडलं आणि घडतं.

शेवटची दहा मिनिटं एका चिठ्ठीची. प्रश्न: ग्रीसमधून आलेल्या एका मुलाचे हातपाय अचानक खूप दुखतात, रक्त कमी आहे, पण त्याचा रंग बघून डॉक्टर सिकल सेलची टेस्टच करत नाही. चूक कुठे झाली? ज्याच्या उत्तरात मलेरिया येतो त्याला धडा कळला. "सगळी माणसं सेमच असतात" असं लिहिणारी बरीच निघतात, त्यांना बाई अर्धेच मार्क देतात, आणि सिकल सेलचं कार्ड परत हातात देऊन म्हणतात, मग हे काय आहे ते वाच.