पोस्टरशेजारचं दीड मिनिट

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोस्टर बोर्डावर लागलं की आपल्याला वाटतं, झालं काम. मग हातात चहाचा कप घेतलेलं कुणीतरी समोर येऊन उभं राहतं आणि म्हणतं, "हं, सांगा, काय केलंय?" आविष्कार या संशोधन स्पर्धेच्या दालनात फिरताना यापुढचं दृश्य मी पुष्कळदा पाहिलंय. विद्यार्थी पोस्टरकडे तोंड करतो आणि शीर्षकापासून वाचायला लागतो. पाहुण्याला त्याची पाठ दिसते. प्रस्तावना संपायच्या आत पाहुण्याची नजर शेजारच्या पोस्टरवर गेलेली असते.

म्हणून दीड मिनिटाचं बोलणं आधी लिहून काढायचं. ते लिहिताना मी विद्यार्थ्यांना उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. पाहुणा काय विचारेल ते आधी लिहा, बोलणं नंतर. बोलण्यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे त्या प्रश्नांवरूनच ठरतं.

एक विषय घेऊन बघू. शेवग्याच्या बियांच्या पुडीनं गढूळ पाणी निवळणं. खाली येणारे आकडे नमुन्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुमच्या वहीतून येतील. पोस्टरचा कच्चा छापील कागद तीन जणांना दाखवा. एक तुमच्या प्रयोगशाळेतला, एक दुसऱ्या विभागातला आणि एक घरातला. काहीही समजावू नका. तिघांनी पहिल्यांदा जे विचारलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. या विषयावर प्रश्न बहुधा असे येतील: तुरटी आहे की, मग हे कशाला? पाणी नुसतं ठेवलं असतं तर गाळ बसला नसता का? पूड जास्त टाकली तर? मग हे पाणी प्यायचं का? किती वेळा करून बघितलं?

आता बोलणं. मोठ्यानं वाचून बघा:

"पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ होतं. तुरटी हाताशी नसेल तर ते कशानं निवळायचं, हा आमचा प्रश्न होता. शेवग्याच्या वाळलेल्या बियांमध्ये धन प्रभाराची प्रथिनं असतात. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो. त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. आम्ही सहा बीकरमध्ये एकच पाणी घेतलं आणि पुडीचं प्रमाण बदलत नेलं. आधी जोरात ढवळलं, मग सावकाश, आणि तासभर स्थिर ठेवलं. आता हा आलेख बघा. सुरुवातीला गढूळपणा १२० एनटीयू होता. लिटरला १०० मिलिग्रॅम पूड टाकल्यावर तो ८ वर आला. पण इथे बघा, पूड दुप्पट केली तर गढूळपणा पुन्हा वाढतो. म्हणजे प्रमाण चुकलं की फायदा जातो. हे पाणी पिण्यायोग्य झालं असं आम्ही म्हणत नाही, कारण जिवाणूंची चाचणी केलेली नाही. गढूळपणा उतरवायला गावात मिळणारी बी पुरते का, एवढंच आम्ही तपासलं."

हे साधारण १२० शब्द आहेत. इंग्रजीत दीड मिनिटात याहून बरेच जास्त बसतात. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते, शब्द लांब होतात, आणि दालनातल्या कलकलाटात सावकाश बोलावं लागतं. शिवाय "आता हा आलेख बघा" म्हटल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहायचं आहे. पाहुण्याला आधी अक्ष सापडू दे, मग आकडा सांगा. तेवढ्यात बोलत राहिलात तर तो ना धड बघतो, ना ऐकतो.

यात मी काय गाळलं बघा. सहावा बीकर बिनपुडीचा होता, हे सांगितलंच नाही. तुरटीशी तुलनाही नाही. ढवळण्याचे फेरे नाहीत. या गोष्टी कमी महत्त्वाच्या आहेत म्हणून गाळलेल्या नाहीत. त्यांचे प्रश्न हमखास येणार आहेत आणि उत्तरं पोस्टरवर तयार आहेत. पाहुण्यानं स्वतः विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो नीट ऐकतो. मर्यादा मात्र मी बोलण्यातच ठेवली आहे. ती त्याला शोधून काढावी लागली तर तुम्ही लपवलीत असं वाटतं. शेवटही तिथेच केलाय. "धन्यवाद, काही प्रश्न?" असं म्हटलं की पाहुणा मान हलवून पुढे जातो.

आता चिठ्ठ्या. प्रत्येक प्रश्नाला पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला पाहुण्याच्या शब्दांत प्रश्न, मागे तीन-चार शब्द आणि पोस्टरवर बोट कुठे ठेवायचं ती जागा. पूर्ण वाक्यं लिहू नका. लिहिलीत तर पाठ कराल, आणि प्रश्न थोडा वेगळा आला की अडकाल.

"नुसतं ठेवलं असतं तर?" या चिठ्ठीमागे एवढंच: "बिनपुडीचा बीकर, ७०, आलेखाचा पहिला बिंदू." बोट ठेवलं की उत्तर निम्मं झालं. "जास्त टाकली तर?" याच्यामागे: "कण धन होतात, पुन्हा दूर ढकलतात, शेवटचा बिंदू." तुरटीच्या चिठ्ठीवर पहिला शब्द "मान्य" असा लिहा. तुरटी चांगलं काम करते, ते नाकारू नका. फरक सामूचा आहे. तुरटीनं पाण्याचा सामू उतरतो, शेवग्याच्या पुडीनं फारसा बदलत नाही. दोन्ही सामू तुम्ही मोजले असतील तरच ही चिठ्ठी ठेवा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती "मग प्यायचं का?" या प्रश्नाला. इथे विद्यार्थी उत्साहात "हो" म्हणून जातात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. आपला आकडा ८. दुसरं म्हणजे पुडीतले सेंद्रिय पदार्थ पाण्यात उरतात आणि पाणी साठवलं तर जिवाणूंना त्यांचं खाद्य मिळतं. म्हणून चिठ्ठीमागे: "नाही. ८, मानक ५. गाळून, उकळून किंवा क्लोरीन घालून, साठवायचं नाही." चिठ्ठीची सुरुवात "नाही"नंच करा. परीक्षकाला तुम्हाला स्वतःच्या आकड्याचा अर्थ कळतो की नाही, हेच बघायचं असतं.

गटानं काम केलं असेल तर आणखी एक चिठ्ठी लागते: "यात तू काय केलंस?" ती प्रत्येकाची वेगळी असते. "आम्ही सगळ्यांनी मिळून" हे उत्तर इथे चालत नाही. "बिया मी दळल्या, चाळल्या आणि तिन्ही वेळची मोजणी मीटरवर मी केली," असं क्रियापदांत सांगा.

सराव उभं राहून करा, पोस्टर डाव्या खांद्यामागे ठेवून, मोबाइलवर वेळ लावून. शंभर सेकंदांच्या पुढे गेलात तर बोलण्याचा वेग वाढवू नका, पद्धतीतलं एक वाक्य काढा. आणि दालनात पहिला तास झाला की बाजूला होऊन चिठ्ठ्या चाळा. तिघांनी एकच नवीन गोष्ट विचारली असेल, समजा "बी कच्ची चालते का?", तर तिची चिठ्ठी तिथेच करा आणि बोलण्यातल्या "वाळलेल्या" या शब्दावर पुढच्या वेळी थोडं थांबा.