शनिवारचा भाव

क्रिप्टोचा बाजार कधीच बंद होत नाही, हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. खरंच आहे ते. फक्त या बाजारात डॉलर येतात-जातात ते बँकेच्या दारातून, आणि अमेरिकेतलं ते दार शनिवार-रविवार बंद असतं. आपल्याला हे चटकन पटत नाही, कारण आपलं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रविवारी मध्यरात्रीही चालतं.

आधी एक साधा हिशोब करू. समजा, एका कॉइनचा भाव शंभर रुपये आहे आणि मला दोन हजार कॉइन लगेच विकायचे आहेत. बुधवारी संध्याकाळी न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडलेला असतो, तिथले बिटकॉइन ईटीएफ चालू असतात, सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवणारे मार्केट मेकर जागेवर असतात. ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे कुठल्या भावाला किती घेणारे-विकणारे उभे आहेत त्या यादीत, ९९.९०ला हजार कॉइनचे खरेदीदार आहेत, ९९.८०ला आणखी हजार. दोन पायऱ्यांत माझा माल खपला. सरासरी ९९.८५ मिळाले, म्हणजे तीनशे रुपये गेले. आता तोच माल शनिवारी पहाटे काढला आणि प्रत्येक पायरीवर दोनशेच कॉइनचे खरेदीदार निघाले, तर दहा पायऱ्या उतरून ९९ला जावं लागेल. सरासरी ९९.४५, म्हणजे अकराशे रुपये गेले. बातमी नाही, घबराट नाही, फक्त समोर माणसं कमी.

हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत. पण गंमत अशी, की विकायला कुणी येईपर्यंत हे दिसतच नाही. बहुतेक शनिवारी भाव जागचा हलत नाही, आणि चार्ट बघणाऱ्याला वाटतं, बाजार स्थिर आहे. तो स्थिर नसतो, रिकामा असतो.

आता खरी घटना. यूएसडीसी हा डॉलरला बांधलेला कॉइन. एक कॉइन सर्कल कंपनीला परत दिला की एक डॉलर मिळतो. भाव ९९.९ सेंट झाला, की मोठे व्यापारी लाखोंनी कॉइन उचलतात, कंपनीकडे देऊन पूर्ण डॉलर घेतात, आणि त्यांच्या खरेदीनेच भाव वर येतो. डॉलरशी बांधलेली गाठ म्हणजे एवढंच.

१० मार्च २०२३, शुक्रवार. सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. त्या रात्री सर्कलने सांगितलं, की आमच्या सुमारे ४० अब्ज डॉलरच्या राखीव निधीपैकी ३.३ अब्ज तिथे अडकलेत. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ झाली होती. कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने यूएसडीसीचे डॉलर करून देणं सोमवारपर्यंत थांबवलं, कारण बँका बंद. भाव घसरत ८८ सेंटच्याही खाली गेला.

इथे जरा थांबून गणित करा. अडकलेला एकूण एक डॉलर बुडाला असता, तरी तोटा सव्वाआठ टक्के. म्हणजे कॉइनमागे साधारण ९२ सेंट शिल्लक होते. मग बाजार त्याहूनही चार सेंट खाली का गेला? दुसऱ्याही बँका बुडतील ही धास्ती होतीच. पण माझ्या मते मोठा वाटा शनिवारचा. ८८ला घेऊन डॉलरला द्यायचा सौदा समोर दिसत होता, पण देणार कुठे? पैसा सोमवारपर्यंत अडकवायचा, आणि सोमवारी काय ऐकायला मिळेल कुणाला ठाऊक! नेहमीचे खरेदीदार हात बांधून बसले, आणि विकणारे मात्र सगळे हजर.

त्याच शनिवारी घाईत बाहेर पडताना एकाने सुमारे वीस लाख डॉलरचे टोकन देऊन पाच सेंट पदरात पाडून घेतले. पाच लाख नव्हे, पाच सेंट. त्याची ऑर्डर टोकनची अदलाबदल करून देणाऱ्या एका जवळजवळ कोरड्या साठ्यातून, म्हणजे पूलमधून गेली, आणि किमान किती मिळायला हवेत ही मर्यादा त्याने घातलेली नव्हती. मधला फरक टपून बसलेल्या एका बॉटने उचलला.

रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील असं जाहीर केलं. सोमवारी बँका उघडल्या आणि भाव पुन्हा डॉलरला टेकला.

मघाशी कुणीतरी विचारलं, मग शनिवारी व्यवहारच करू नये का? करा की. फक्त व्हॉल्यूमचा आकडा बघून ठरवू नका, तो होऊन गेलेल्या सौद्यांचा असतो. ऑर्डर बुक उघडा, चालू भावाच्या एक टक्का खालीपर्यंत एकूण किती खरेदी उभी आहे ते मोजा, आणि बुधवारी संध्याकाळी त्याच एक्स्चेंजवर मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा. माझी ऑर्डर त्या बेरजेच्या विसाव्या हिश्श्याहून मोठी असेल, तर मी तिचे तुकडे करतो आणि प्रत्येकाला किमान भावाची लिमिट लावतो. हा माझा अंदाजपंचे नियम आहे, शास्त्र नव्हे. आणि उभ्या दिसणाऱ्या ऑर्डरवरही फार विसंबू नका. भाव जोरात उतरू लागला, की त्यातल्या बऱ्याच ऑर्डर लावणारेच काढून घेतात.