गफूरखान फितूर झाला नसता तर?

इंदूरात महिदपूरच्या लढाईवर बोलायला उभं राहिलं की कुणीतरी म्हणतंच, होळकरांचाच सरदार गफूरखान फितूर झाला नसता तर होळकर जिंकले असते. आज मी हे वाक्य उडवून लावणार नाहीये, त्याची परीक्षा घेऊ.

२१ डिसेंबर १८१७. इंग्रजांना शिप्रा नदी ओलांडायची होती, समोरच्या काठावर होळकरांच्या तोफा. इंग्रज पायदळ तोफांच्या माऱ्यातच नदीच्या उथळ उताराने पलीकडे आलं, त्यांचं नुकसान भरपूर झालं, आणि आपले गोलंदाज तर तोफांपाशीच कापले गेले पण हलले नाहीत. आता समजा गफूरखानाचे घोडेस्वार टिकले आणि इंग्रज अर्धे पाण्यात असताना तुटून पडले. एवढाच बदल, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. लढाईचा निकाल फिरू शकला असता का? हो, फिरू शकला असता, मला तरी ते अशक्य वाटत नाही.

पण मग राज्य वाचलं असतं का? इथे कल्पना बाजूला ठेवा आणि कॅलेंडर काढा. शिंद्यांनी ५ नोव्हेंबरलाच इंग्रजांशी तह केलेला, पठाण सरदार अमीरखानाने ९ला, नोव्हेंबरअखेर सीताबर्डीला नागपूरकर हरले, पेशवे पुणं सोडून पळतायत. म्हणजे महिदपूर जिंकूनही होळकर एकटेच. फितुरी हे फार तर त्या दिवसाच्या पराभवाचं कारण, ६ जानेवारी १८१८ला होळकरांनी इंग्रजांशी केलेल्या मंदसोरच्या तहाचं एकमेव कारण नाही. बरं, त्याच तहात गफूरखानाला जावरा मिळालं म्हणून लोक फितुरी पक्की धरतात, पण तो अमीरखानाचा मेहुणा होता, मग फितुरी न करताही मिळालं असतं का, हा पण 'जर-तर'च विचारा ना.

आता दुसरा प्रश्न, जो कुणी विचारत नाही. लढाईच्या आदल्या दिवशी, होळकरांचा कारभार चालवणाऱ्या तुळसाबाईला आपल्याच फौजेतल्या लोकांनी मारलं नसतं तर? तिचा कल तहाकडे होता, होळकरांचे वकील त्याच आठवड्यात इंग्रज सेनानी माल्कमच्या छावणीत बोलणी करत होते, म्हणजे ही वाट मी बनवलेली नाही, तेव्हाच्या लोकांसमोर ती खरंच होती. ती जगली असती तर कदाचित लढाईच झाली नसती. इथपर्यंत पुरावा साथ देतो. तहात गेलेला खानदेश वाचला असता का, तहाच्या अटी सौम्य झाल्या असत्या का, हे विचारलंत की मी गप्प बसणार, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला नवीन 'समजा' लागतो.

आणि यशवंतराव होळकर जिवंत असते तर? हा सगळ्यांचा लाडका प्रश्न, माझाही. पण ते गेले १८११ला, त्याआधीच काही वर्षं मन ठिकाणावर नव्हतं. त्यांना १८१७ला धडधाकट उभं करायचं तर आजार पुसावा लागतो, तुळसाबाईचा कारभार पुसावा लागतो, अमीरखानाचं वाढलेलं प्रस्थही जातं, म्हणजे ज्या महिदपूरचं कारण शोधत होतो ते महिदपूरच उरत नाही. त्यावर कादंबरी लिहा, मी पहिला विकत घेईन.