वाघिणीसमोरची जाळी

[दृश्य: जाळीमागे बसलेली वाघीण. अंगावर फिकट, तिरक्या रेघा.]

या वाघिणीच्या अंगावर दोन प्रकारचे पट्टे दिसतात. काळे पट्टे तिचे स्वतःचे आहेत. त्यांना तिरके छेदत गेलेले धूसर पट्टे मात्र समोरच्या तारेच्या जाळीचे.

ते काढायचे म्हटलं की हात आधी क्लोन स्टॅम्पकडे जातो. शेजारचे केस उचलायचे आणि धूसर पट्ट्यावर बसवायचे. या फोटोत ते करू नका, कारण त्या धूसरपणाखाली वाघिणीचे खरे केस शाबूत आहेत.

[दृश्य: आकृती. केस, जाळी, लेन्स आणि मधला प्रकाशाचा शंकू.]

फोटो ३०० मिलिमीटरच्या लेन्सने, एफ ४ अ‍ॅपर्चरवर काढलेला आहे. म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड ७५ मिलिमीटर रुंद. वाघिणीच्या एका केसावरून निघालेला प्रकाश या सगळ्या तोंडातून आत शिरतो. त्याचा शंकू होतो: टोक केसापाशी, रुंद बाजू लेन्सपाशी. वाघीण १२ मीटरवर आहे, जाळी बरोबर मध्यावर. तिथे हा शंकू साधारण ३७ मिलिमीटर रुंद असतो आणि तार फक्त ३ मिलिमीटर जाड. ती अगदी शंकूच्या मधोमध आली तरी प्रकाशाचा दहावा हिस्सा अडवते. बाकीचे नऊ हिस्से सेन्सरवर पोहोचतात. त्या केसाची माहिती फोटोत आहे, फक्त तिच्यावर पातळ पडदा आलाय.

तो पडदा कसला, हे तारेवर ऊन होतं की सावली यावर ठरतं. सावलीतली काळपट तार फक्त प्रकाश कमी करते, त्यामुळे पट्टा किंचित गडद दिसतो. उन्हात चमकणारी तार मात्र स्वतःचा प्रकाशही मिसळते. मग काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

[दृश्य: संपादनाचा पडदा. कर्व्ह्जचा लेअर, काळा मास्क.]

फोटोवर कर्व्ह्जचा अ‍ॅडजस्टमेंट लेअर टाका. पट्टा गडद असेल तर वक्ररेषेचं वरचं उजवं टोक थोडं डावीकडे सरकवा, म्हणजे सगळं एका प्रमाणात उजळतं. पट्टा राखाडी पडला असेल तर खालचं डावं टोक उजवीकडे घ्या. मिसळलेला प्रकाश वजा होतो आणि काळा पुन्हा काळा दिसू लागतो. त्यानंतर गरजेपुरतं वरचं टोकही हलवा. आता मास्क पूर्ण काळा करा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त पट्ट्यांवरून फिरवा. ब्रशचा फ्लो दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. धूसर पट्टा मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतो, त्यामुळे मास्कही तसाच हवा.

[दृश्य: पट्टे हळूहळू विरतात, खालचे केस वर येतात.]

या कामाला वेळ लागतो, पण इथे आपण एकही केस नव्याने रचलेला नाही. जे उमटलं होतं तेच स्वच्छ केलं. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, आणि अंतर अनुकूल असेल तिथे तीच वापरावी असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: दुसरा फोटो. वाघीण जाळीला जवळजवळ टेकलेली. चेहऱ्यावर ठळक दिसणारी तार.]

याच वाघिणीचा हा दुसरा फोटो. अंतर तेच, १२ मीटर. मात्र आता जाळी तिच्या चेहऱ्यापुढे जेमतेम २५ सेंटिमीटरवर आहे. तिथे प्रकाशाचा शंकू निमुळता होत दीड मिलिमीटरवर आलेला असतो. ३ मिलिमीटरची तार तो पुरता झाकते. तारेमागचं काहीच सेन्सरपर्यंत पोहोचलेलं नाही, त्यामुळे कर्व्ह्ज कितीही वाकवा, काही परत येणार नाही.

ते परत आणायचं तर दुसऱ्या फ्रेममधून आणावं लागतं. म्हणून जाळीपुढे उभं असताना एका फोटोवर थांबू नका. वाघीण स्थिर असेल तर कॅमेरा वीसेक सेंटिमीटर बाजूला सरकवून पुन्हा फोटो घ्या. एवढ्या सरकण्याने चेहऱ्यावरची तार आपल्या जाडीहून थोडी जास्त हलते आणि खालचा भाग उघडा पडतो. वाघीण चालत असेल तर सलग फ्रेम घेत राहा, झाकलेली जागा ती स्वतःच बदलते. घरी दोन्ही फ्रेम एकावर एक लेअर म्हणून ठेवा, जुळवा आणि मास्कने फक्त तारेखालचा तुकडा उघडा करा. मान वळली असेल तर पूर्ण चेहरा जुळणार नाही. तेव्हा डोळा वेगळा जुळवा, नाक वेगळं.

[दृश्य: १०० टक्के झूम. तारेची एक तिरकी रेघ, कपाळावरचे केस.]

दुसऱ्या फ्रेममध्येही जे मिळालं नाही, तेवढ्यासाठीच क्लोन स्टॅम्प. सेन्सर ६००० पिक्सेल रुंद, फुल फ्रेम असेल तर ही तार सुमारे १३ पिक्सेल जाड येते, आणि जाळीचं भोक ५ सेंटिमीटरचं असेल तर दोन तारांमध्ये २०० पिक्सेल स्वच्छ केस मिळतात. उचलायला एवढं पुरेसं आहे. वर एक रिकामा लेअर घ्या, ब्रश १८ ते २० पिक्सेलचा ठेवा आणि नमुना केसांच्याच दिशेने, तारेला लागून असलेल्या जागेतून घ्या. गालावरचे केस बाहेरच्या बाजूला झुकतात, नाकावरचे आखूड आणि मागे वळलेले असतात. एका जागेचे केस दुसरीकडे बसवले की चेहरा लगेच खोटा वाटू लागतो.

आधी काळ्या पट्ट्यांच्या कडा जोडून घ्या, मग मधला रंग भरा. या कडांवर हीलिंग ब्रश वापरू नका. तो आजूबाजूचा उजेड मिसळतो, त्यामुळे काळा आणि केशरी जिथे भेटतात तिथे घाणेरडा डाग पडतो. मागच्या गवतावर किंवा धूसर पार्श्वभूमीवर मात्र तोच ब्रश झटपट काम करतो.

पट्ट्यांबाबत आणखी एक सांगायला हवं. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून संशोधक वाघ ओळखतात ते याच नक्षीवरून. तारेखाली पट्टा दुभंगत होता की सलग होता, हे दिसत नसताना आपण तो रचला तर फोटोतला वाघ तोच राहत नाही. तारेने बुबुळ झाकलं असेल आणि दुसरी फ्रेम नसेल, तर माझ्या मते तो फोटो सोडून द्यावा. तिथे बसवलेला डोळा त्या प्राण्याचा नसतो.

[दृश्य: पाठीवर जाळीची सावली.]

तार गेली तरी तिची सावली राहते, आणि ती हमखास विसरली जाते. प्राण्यापुढे काहीच नाही, पण पाठीवर चौकटी उमटल्या आहेत, असं चित्र उरतं. सावलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो, म्हणून तिथले केस शाबूत असतात. उपाय पुन्हा कर्व्ह्जच. फक्त उजळल्यावर ती जागा निळसर दिसते, तेव्हा तिथे थोडा पिवळा आणि लाल वाढवा.

[दृश्य: फोटोचा कॉन्ट्रास्ट एकदम वाढतो. विसरलेल्या रेघा ठळक होतात.]

तपासणीसाठी सगळ्यांच्या वर आणखी एक कर्व्ह्ज लेअर टाका आणि कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा लगेच उठून येतात. एकसारखे दोन ठिपके शेजारी दिसले तर एकच नमुना दोनदा वापरला गेलाय. आजूबाजूला बारीक दाणा आहे आणि मध्येच गुळगुळीत पट्टी दिसतेय, तर तिथे हीलिंग ब्रश फिरलाय. तेवढ्यावर पुन्हा दाणा घाला. शेवटी तो लेअर पुसून टाका.

आणि फोटो कुठेही दिला, तरी प्राणी बंदिस्त आहे आणि समोरची जाळी काढलेली आहे, हे मथळ्याखाली लिहा. वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत तो पाठवू नका. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांमध्ये चित्रातली वस्तू काढलेला फोटो बाद होतो.