पहिले रनिंग शूज आणि दुखणारी नडगी

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जानेवारी संपत आला की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार घेऊन लोक यायला लागतात. एक जानेवारीला पळायला सुरुवात केलेली असते, पहिले दोन आठवडे एकदम मस्त जातात आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरते. पायाच्या पुढच्या हाडाची आतली कड, घोट्याच्या थोडं वर, तिथे हात लावला तरी दुखतं. आणि आल्या आल्या पहिला प्रश्न हाच, की शूज चुकले का हो माझे?

आज मी एका ताईंची केस सांगते. नाव सांगत नाही, कोथरूडच्या आहेत, वय 38, बँकेत नोकरी. दिवसभर बसून काम, आधी पळण्याची काहीच सवय नाही. घरात मुलाचे बॅडमिंटनचे जुने शूज होते ते घालून त्यांनी सुरुवात केली, सोसायटीच्या आतल्या सिमेंटच्या रस्त्यावर, आठवड्यातले सहा दिवस, रोज 3 किलोमीटर. दुसऱ्या आठवड्यात दम लागणं कमी झालं म्हणून त्यांनी 4 किलोमीटर केले. तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागलं, तर दुकानात जाऊन जाड गादीसारखे बारा हजारांचे शूज आणले, दोन दिवस आराम केला आणि परत रोजचे 4 किलोमीटर सुरू. आठ दिवसांत दुखणं पहिल्यापेक्षा वाढलं, आता जिना उतरतानासुद्धा कळ यायची.

बॅडमिंटनचे शूज चुकीचे होतेच, त्यांचा सोल पातळ असतो आणि कोर्टवर आडवं सरकायला, पटकन थांबायला तो बनवलेला असतो. पण मग नवीन शूज आणून दुखणं वाढलं कसं, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

3 किलोमीटर सावकाश पळायला नवीन माणसाला साधारण 25 मिनिटं लागतात. मिनिटाला 160 पावलं धरली तर 4000 पावलं, म्हणजे एकेका पायावर 2000 वेळा आदळणं, आणि पळताना प्रत्येक वेळी अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर त्या पायावर येतो. हाडावर असा नवा ताण आला की हाड स्वतःला बदलायला घेतं, पण ते कसं करतं बघा, आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवीन भरतं. खरवडणं काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात, साधारण तिसऱ्या चौथ्या आठवड्याच्या आसपास, ते हाड आधीपेक्षा थोडं कमजोर असतं. आणि नेमकं तेव्हाच दम सुधारलेला असतो, छाती म्हणते अजून पळ. पोटरीचा आतला स्नायू पण दमलेला असतो, हाडावरचा थोडा ताण एरवी तो घेतो, तो दमला की सगळं हाडावर. आठवड्याला 150 मिनिटं पळणं हे त्या ताईंच्या नडगीला झेपणारं नव्हतं, शूज कुठलेही असते तरी. नवीन शूजने फक्त आदळणं मऊ वाटायला लागलं, म्हणून त्या न थांबता पळत राहिल्या.

मी आधी काय तपासलं ते सांगते, कारण हे घरी पण करता येतं. नडगीची आतली कड वरून खाली बोटाने दाबत गेले. त्यांना साधारण दहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात दुखत होतं, पसरलेलं. हे नेहमीचं नडगीचं दुखणं, ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवल्यावर ओरडावंसं वाटत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारताच येत नसेल, तर ते हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी पळणं लगेच बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर. एक्सरे सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे एक्सरे चांगला आला म्हणून परत पळायला लागू नका, डॉक्टर गरज वाटली तर एमआरआय सांगतील. बायकांसाठी अजून एक गोष्ट, पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल आणि जोडीला नडगी दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की हाडाला भरून यायला माल मिळत नाही.

आता शूज. त्या ताईंना दुकानात मशीनवर उभं केलं होतं आणि तुमचा पाय आत झुकतो, तुम्हाला सपोर्टवालेच शूज लागतील असं सांगितलं होतं. पायाच्या कमानीवरून शूज निवडायची ही पद्धत खूप जुनी आहे, ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघायचा वगैरे. पण अमेरिकेच्या लष्करात नवीन भरती झालेल्यांवर याची मोठी तपासणी झाली, आर्मी, एअर फोर्स आणि मरीन्स तिन्हीकडे. एका गटाला कमानीच्या आकाराप्रमाणे शूज दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे दिले, आणि दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून सपाट तळवा आहे एवढ्यावरून घाबरून महाग शूज घेऊ नका. पायाला जे घातल्या घातल्या आरामदायक वाटतं आणि ज्याचा साइज बरोबर आहे ते घ्या, पहिल्या जोडीला एवढं पुरे.

आणि साइजमध्येच बहुतेक लोक चुकतात! आपल्याकडे चप्पल, ऑफिसचे बूट जो नंबर तोच नंबर मागायची सवय असते. पळताना पाय पुढे सरकतो आणि थोडा सुजतो पण, म्हणून दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा. जे मोजे घालून पळणार तेच घालून जा. शूजच्या आतला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर मोजे घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि हे बोट काही जणांचं अंगठ्याच्या शेजारचं असतं तर ते मोजा. चवडा त्या तळाच्या बाहेर सांडत असेल तर शूज अरुंद आहेत, तिथे लांबीचा नंबर वाढवून उपयोग नाही, त्याच मॉडेलमध्ये रुंद साइज मागा नाहीतर दुसरी कंपनी बघा. दोन पायांत थोडा फरक बहुतेकांना असतो, मोठ्या पायाप्रमाणे घ्यायचं. मग दोन्ही पायांत घालून, लेस बांधून, दुकानाबाहेर फुटपाथवर एक मिनिट जॉगिंग करा. लाजू नका, चांगला दुकानदार स्वतःच सांगतो पळून बघा म्हणून. टाच वर निसटत असेल तर सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं त्यातून लेस घालून बांधा, तरी निसटली तर ते शूज तुमचे नाहीत. आणि थोडे घट्ट आहेत पण वापरून सैल होतील असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, कोल्हापुरी चप्पल पायात मुरते, रनिंग शूज तसे मुरत नाहीत.

दोन प्रकार पहिल्या जोडीसाठी टाळा. एक, टाच आणि चवडा एकाच उंचीवर असणारे अगदी सपाट शूज, त्यात पोटरीवर एकदम जास्त ओढ येते. दुसरे कार्बन प्लेटवाले, ते शर्यतीसाठी आहेत. साधे रोजच्या पळण्याचे, टाच चवड्यापेक्षा 8 ते 10 मिलिमीटर उंच असलेले बघा. मागच्या वर्षीचं मॉडेल कमी किमतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्या. त्या ताईंचे बारा हजारांचे शूज मी बदलायला लावले का, तर नाही, साइज बरोबर होता, पायाला छान वाटत होते, तेच ठेवले. बदललं ते पळणं.

आधी पळणं पूर्ण बंद, फक्त चालणं, तेही दुखणार नाही इतपतच. साधारण दोन आठवड्यांनी 40 मिनिटं चालून दुखेनासं झालं आणि एका पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, तेव्हा सुरुवात केली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनच दिवस. 1 मिनिट जॉगिंग, 2 मिनिटं चालणं, असं आठ वेळा. हिशोब करा, आठवड्याला फक्त 24 मिनिटं पळणं, आधी होती 150! त्यांना हे अगदीच कमी वाटलं, रडकुंडीला आल्या होत्या की मॅडम मी मागे जातेय. पुढच्या आठवड्यात तेच दहा वेळा, म्हणजे 30. मग 2 मिनिटं पळणं 2 मिनिटं चालणं सहा वेळा, 36. मग सात वेळा, 42. पाचव्या आठवड्यात 3 मिनिटं पळून 1 मिनिट चालणं, पाच वेळा, 45. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे, पळताना दोनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना नडगी जाणवली तर पुढे जायचं नाही, तोच आठवडा परत. त्यांनी चौथा आठवडा दोनदा केला. अकराव्या आठवड्यात त्या 25 मिनिटं न थांबता पळाल्या.

पळताना एकच बदल सांगितला, पावलं छोटी टाका. पाय शरीराच्या फार पुढे टाकला की नडगीवर जोर वाढतो. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि पाच टक्के वाढवा, 156 असतील तर 164, वेग तोच. आणि घरी जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाचा वर खाली करायच्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून, कारण गुडघा वाकवला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर जास्त काम येतं. दोन्ही प्रकार पंधरा पंधरा, तीन वेळा, एक दिवसाआड.

मागून एका काकांनी विचारलं की शूज किती दिवस चालतात. दिवसांवर नाही, पळण्यावर मोजा काका, साधारण 500 ते 800 किलोमीटर, वजन जास्त असेल तर आधी. वरून शूज नवे दिसतात पण आतला फोम बसलेला असतो. सुरुवातीला आठवड्याला पाच सहा किलोमीटरच होतात, मग वाढत जातात, तेव्हा पहिली जोडी वर्षभर तरी सहज जाईल, फक्त त्याच शूजमध्ये भाजी आणायला आणि ऑफिसला जाऊ नका. खरेदीची तारीख शूजच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.